तीच खोली, पौषात

माहेरच्या गावात हॉटेलात उतरण्याची वेळ माझ्यावर एका हिवाळ्यात दोनदा आली. पहिल्यांदा मार्गशीर्षात, भाच्याच्या लग्नाला. दुसऱ्यांदा पौषात, रामबागेतल्या जुन्या घराच्या रजिस्ट्रीवर सही करायला. हॉटेल तेच होतं. इंदूरला जाणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी मला विचारतंच, "तिथं राहायला बरं कुठलं?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. हॉटेलचं नाव मात्र सांगणार नाही. सरवटे बसस्टँड आणि रेल्वे स्टेशनच्या मधल्या पट्ट्यात, छोटी ग्वालटोलीच्या आसपास अशी डझनावारी हॉटेलं आहेत. चार मजले, चाळीसेक खोल्या, पहिल्या मजल्यावर हॉल, खाली काचेचं दार, आत गणपती आणि प्लॅस्टिकची फुलं. मी सांगतेय ते यातल्या बहुतेकांना लागू पडेल.

हे सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे. बावीस वर्षं मी मुंबईत एका हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये काढली, त्यातली शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. रोज पंधरा-वीस खोल्या तपासायच्या. त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरले की माझे डोळे खिडकीबाहेरचा देखावा बघत नाहीत, गादीची शिवण बघतात. आमचे हे म्हणतात, तुझ्याबरोबर प्रवास म्हणजे इन्स्पेक्टरबरोबर प्रवास.

लग्नाला खरं म्हणजे भावाकडेच उतरायचं, पण त्याचा राजेंद्रनगरचा फ्लॅट दोन खोल्यांचा, आणि त्यात वहिनीचं अख्खं माहेर येऊन थडकलेलं. त्यानंच हॉटेल बुक केलं आणि फोनवर चार वेळा माफी मागितली. "ताई, माहेरी येऊन हॉटेलात राहायचं म्हणजे कसंसंच वाटून राहिलंय." मी म्हटलं, अरे, मला हॉटेलचीच सवय आहे. रामबागेतलं घर आठ वर्षं कुलपात होतं, त्याच्या माडीवर आता कबुतरं राहतात. त्याचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

अवंतिका एक्सप्रेसनं सकाळी उतरलो, बॅगा घेऊन चालत हॉटेलवर पोचलो तेव्हा नऊ-सव्वानऊ झाले होते. मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीनं येणाऱ्या प्रत्येकाची पहिली ठेच इथे लागते. गाडी सकाळी पोचवते आणि खोली बारा वाजता मिळते. स्टेशनजवळच्या काही जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो, नऊला आलात तर दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत खोली तुमची. नव्या हॉटेलांत बारा ते बारा किंवा बारा ते अकरा. बुक करताना हे एकच वाक्य फोन करून विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. रिसेप्शनवरचा तरुण म्हणाला, "अभी तो बारात वालों ने खाली नहीं किया, आंटीजी." सोफ्यावर आमच्यासारखी आणखी तीन कुटुंबं बसली होती, एका बाईच्या मांडीवर शालूची पिशवी होती. त्याच सोफ्यावर बसून मी दात घासायचा विचार केला आणि सोडून दिला.

पावणेएकला २०४ नंबरची खोली मिळाली.

खोलीत शिरल्यावर मी काय करते ते नीट सांगते, कारण यातलं निम्मं कुणालाही पाच मिनिटांत जमतं. बॅग पलंगावर ठेवायची नाही, कार्पेटवर नाही, कपाटातही नाही. ती थेट बाथरूममध्ये, कोरड्या फरशीवर. मग मोबाइलचा टॉर्च लावून पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही कोपऱ्यांतली चादर उचलायची आणि गादीच्या कडेची गोट, म्हणजे ती शिवलेली जाड पट्टी, बोटानं मागे दुमडत न्यायची. ढेकूण असला तर तो इथे असतो. माणूस जिथे डोकं ठेवतो त्याच्या आसपासच त्याला राहायचं असतं. त्यानंतर पलंगाच्या मागची लाकडी पाठ. ती भिंतीला टेकलेली असते किंवा स्क्रूनं अडकवलेली, आणि तिच्यामागे वर्षानुवर्षं कुणी झाडू फिरवलेला नसतो.

२०४ च्या गादीला उजव्या कोपऱ्यात गोटीच्या आत काळे ठिपके होते. बॉलपेन टेकवून उचललं की जसा उठतो तसे, चार-पाच एका रांगेत. ठिपका म्हणजे काहीही असू शकतं, म्हणून टिश्यूपेपर ओला करून एकावर घासला. शाई किंवा काजळी असती तर काळी पसरली असती. हा तांबूस तपकिरी पसरला, म्हणजे पचलेलं रक्त. बाजूला एक सालपट मिळालं, मोहरीच्या फोलपटाएवढं, पारदर्शक पिवळं. ढेकूण वाढताना कात टाकतो, ती.

इथे थोडं थांबून हॉटेलच्या बाजूनंही बोलायला हवं. ढेकूण निघाला म्हणजे हॉटेल घाणेरडं, हा सरसकट समज चुकीचा आहे. तो पाहुण्यांच्या बॅगेतून येतो, ट्रेनच्या बर्थवरून येतो, आणि पंचतारांकित हॉटेलातही येतो. मी स्वतः तो तिथे पाहिलेला आहे. शिवाय ठिपके आणि कात या खुणा मागे राहतात, औषध मारून ढेकूण मेले तरी त्या आपोआप जात नाहीत. मला जिवंत एकही दिसला नाही. तेव्हा आरडाओरडा करण्यासारखं काही नव्हतं. खोली बदलून मागावी, आणि ती मागताना शेजारची, बरोब्बर वरची किंवा खालची घेऊ नये, कारण हा प्राणी भिंतीतल्या वायरिंगच्या नळ्यांतून सहज पलीकडे जातो. वेगळा मजला, वेगळी बाजू, असं स्पष्ट सांगायचं.

मी खाली जाऊन टिश्यू दाखवला. तरुण म्हणाला, "मच्छर होगा." मी म्हटलं, बाळा, मच्छर गादीत राहत नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून मॅनेजर आला. पन्नाशीचा, केसांना मेंदी. माझी टिकली-मंगळसूत्र बघून मराठीत बोलायला लागला. आजी साताऱ्याकडची, पण तीन पिढ्या इंदुरात. "काही चिंता नका करू, वरती एक रूम खाली होऊन राहिला आहे, तुम्हाला देतो." पंधरा मिनिटांत ४११ मिळाली. चौथा मजला, मागची बाजू. गादी तपासली, स्वच्छ होती. इथवर मी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

तासाभरानं जिन्यानं उतरत होते, लिफ्ट वऱ्हाडानं अडवली होती. दुसऱ्या मजल्यावर २०४ चं दार उघडं. आत एक नवरा-बायको, दोन मुलं, जादा गादी टाकून घेत होते. लहान मुलगी पलंगावर उड्या मारत होती.

मी तिथे किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मग त्या बाईला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हसली आणि म्हणाली, "सोना किसको है आंटी, फेरे ही रात दो बजे हैं." तरी मी तिला गादीचा कोपरा दाखवून आले आणि बॅगा बाथरूममध्ये ठेवायला लावल्या. मॅनेजरला विचारलं तेव्हा त्यानं मान खाली घातली. "ताई, आज चाळीसच्या चाळीस रूम फुल आहेत. बंद कुठला ठेवू?"

राग आला, पण त्याचं गणित मला पाठ होतं. ढेकणाचं औषध एकदा मारून भागत नाही, कारण फवाऱ्यानं अंडी मरत नाहीत. ती फुटून पिल्लं बाहेर आली की पुन्हा मारावं लागतं, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी. तेवढे दिवस खोली रिकामी ठेवायची, पलंग खोलायचा, फटी भरायच्या. तुळशीचं लग्न लागल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत इंदुरात मुहूर्तावर मुहूर्त. त्या दिवसांत २०४ ला कुलूप लावायची छाती कुठल्याच मालकाची होणार नाही.

चादरींचंही तसंच. हॉटेलच्या भाषेत एका पलंगामागे कमीत कमी तीन जोड लागतात. एक पलंगावर, एक धोब्याकडे, एक कपाटात. हे तीन जोड नेहमीच्या दिवसांचे. लग्नाच्या दिवसांत दोघांच्या खोलीत पाच जण झोपतात, जादा गाद्यांना चादरी लागतात, बारा वाजता एक वऱ्हाड जातं आणि साडेबाराला दुसरं येतं. त्यात थंडी, धोब्याकडे कपडे वाळत नाहीत. मग दोन गोष्टी होतात. एकतर ओलसर चादर येते, किंवा जुनीच ताणून खोचली जाते. यातली दुसरी ओळखायला सोपी. धुऊन आलेल्या चादरीवर घडीच्या रेषा असतात, आडव्या-उभ्या, चौकटीच्या वहीसारख्या. वापरलेली चादर कडेला गुळगुळीत आणि मधोमध चुरगळलेली दिसते. ओलसरपणा तळव्याला नीट कळत नाही, हाताची मागची बाजू उशीखाली सरकवायची. ४११ ची चादर धुतलेली होती, घड्या होत्या, पण उशीखाली गारवा होता. आम्ही ती दोन तास खुर्च्यांवर पसरली आणि पंखा लावला. यांना थंडी वाजत होती, ते कानटोपी घालून बसले.

ब्लँकेटबद्दल एकच सांगते, ते प्रत्येक पाहुण्यानंतर धुतलं जात नाही. बहुतेक ठिकाणी नाहीच. दोन चादरी मागून घ्या, एक खाली, एक अंगावर, आणि ब्लँकेट त्याच्यावर. बाथरूममधले काचेचे ग्लास वापरू नका. ते कशानं पुसतात ते मी बावीस वर्षं बघितलेलं आहे आणि नव्या पोरांना त्याबद्दल ओरडलेही आहे.

आता आवाज. लोक लिहितात, "हॉटेल शांत आहे" किंवा "फार गोंगाट." यातून काही कळत नाही, कारण आवाज कुठल्या दिशेनं आणि किती वाजता येतो हे महत्त्वाचं. या हॉटेलची पुढची बाजू रस्त्यावर. तिथे पहाटेपासून कंडक्टर ओरडतात, "उज्जैन, उज्जैन, उज्जैन," मग "देवास, देवास." रात्री रस्ता झाडायचं यंत्र जातं. शहर देशात स्वच्छतेत पहिलं येतं ते काही आपोआप नाही, रात्रभर कुणीतरी झाडत असतं, आणि पुढच्या खोलीत ते ऐकू येतं. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते. मला ते सगळं आवडलं, पण मी त्या गावची लेक आहे.

मागची बाजू रस्त्याच्या दृष्टीनं शांत. पण हॉल पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला. लग्नात डीजे. आमच्या ह्यांनी घड्याळ बघून सांगितलं, "दहा वाजता बंद होईल, कायदा आहे." कायदा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. पण त्याच नियमात बंदिस्त जागेला, म्हणजे सभागृह, बँक्वेट हॉल यांना आतल्या आत वापरासाठी सूट आहे. दारं लावली की हॉल बंदिस्त झाला. आवाज बाहेर फार जाऊ नये अशी मर्यादा आहे, पण रात्री अकराला ती मोजायला कोण येणार! आणि हॉलच्या वर झोपलेल्याला तर त्याचा काहीच उपयोग नाही. गाण्याचे शब्द भिंतीत अडकतात, ढोलाचा ठेका खांबांतून वर येतो. चौथ्या मजल्यावर मला गाणं कुठलं ते कळत नव्हतं, पण टेबलावरच्या स्टीलच्या भांड्यातलं पाणी थरथरताना दिसत होतं. कानात कापूस घालून ढोल थांबत नाही, तो पलंगाच्या पायातून येतो. दुसऱ्या मजल्यावर, हॉलच्या बरोबर वर, २०४ मध्ये काय झालं असेल! तरी ती मुलगी झोपली असेल. लहान मुलं झोपतात.

हॉटेलला हॉल आहे का, तो कितव्या मजल्यावर आणि कुठल्या बाजूला, हा प्रश्न लग्नसराईत खोलीच्या भाड्याआधी विचारायचा.

नोकरांबद्दल मार्गशीर्षात मी काही चांगलं लिहिलं नसतं. चौथ्या मजल्यावर एकच मुलगा, बहुतेक अठरा-एकोणीसचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता टकटक केली आणि उत्तराची वाट न बघता किल्ली लावून आत आला, चहा घेऊन. चहा आम्ही मागवलाच नव्हता, तो ४०१ चा होता. मी त्याला दारातच शिकवणी दिली. आधी टकटक, मग "हाउसकीपिंग" म्हणायचं, दहा आकडे मोजायचे, परत टकटक. तो ऐकत होता, पण डोळे मिटत होते. आदल्या सकाळपासून झोपला नव्हता. मोठ्या हॉटेलात एका माणसाकडे चौदा-पंधरा खोल्या असतात आणि एका खोलीला अर्धा तास धरतात. याच्याकडे अख्खा मजला, शिवाय रात्री हॉलमध्ये प्लेटा उचलायच्या. चहा ठेवून घेतला आणि ४०१ ला दुसरा पाठवायला सांगितलं.

लग्न छान झालं. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं एवढंच की स्टेशनजवळचं हॉटेल आणि राजेंद्रनगरचं कार्यालय ही दोन टोकं आहेत. "सेंट्रल लोकेशन" हे शब्द वाचून फसू नका, मध्यवर्ती म्हणजे तुमच्या कामाच्या जागेपासून जवळ असं नाही. राजवाडा नकाशावर दोनेक किलोमीटर दिसतो. सकाळी रिक्षानं दहा मिनिटं, संध्याकाळी सातला जेल रोडकडून अडकलात तर नुसतं बसून राहायचं. आम्ही सराफ्यात रात्रीच गेलो. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात. हिवाळा असल्यामुळे गराडू नावाच्या कंदाच्या तळलेल्या फोडी मिळाल्या, गरम, मसाला लावलेल्या, वर लिंबू. जेवून चालत परत आलो. रात्री साडेबाराला रस्त्यावर माणसं होती, झाडणारी बाई होती, भीती अशी कुठे वाटली नाही. सराफ्यासाठी येणाऱ्यानं राजवाड्याजवळ उतरावं, उज्जैन-ओंकारेश्वर करणाऱ्यानं स्टेशनजवळ, आणि लग्नासाठी येणाऱ्यानं कार्यालयाजवळ. लोकेशनबद्दल मला इतकंच म्हणायचं आहे.

तीन रात्री, रोजचे अठ्ठावीसशे. निघताना ठरवलं की परत इथे नाही.

पण पौषात भावाचा फोन आला. बिल्डरला रजिस्ट्री करून हवी होती. "पौषात?" मी विचारलं. तो म्हणाला, "म्हणूनच. आता ऑफिसात गर्दी नसते, लोक मलमास पाळतात." आपण ज्याला धनुर्मास म्हणतो तो, संक्रांतीपर्यंत. भावाकडे जागा होती, पण वहिनीची आई आजारी होती आणि मला कुणाला त्रास द्यायचा नव्हता. एका रात्रीचा प्रश्न. मी त्याच हॉटेलला फोन लावला, का ते अजून मला नीट सांगता येत नाही. ओळखीचं होतं म्हणून असेल. मॅनेजरनं आवाज ओळखला. मी म्हटलं, ४११ द्या. तो म्हणाला, दुसऱ्या मजल्यावर घ्या ना, चांगला रूम देतो. मी म्हटलं, नाही, ४११. बावीस वर्षांचा अनुभव असल्यावर माणूस थोडा हट्टी होतो.

रविवारी सकाळी एकटीच पोचले. नऊ वाजताच किल्ली हातात, जादा पैसे नाहीत. भाडं पंधराशे. सोफा रिकामा. तोच मुलगा बॅग घेऊन वर आला, दाढी केलेली, झोप झालेली, ओळखून हसला. दाराशी आल्यावर त्यानं टकटक केली. आत कुणी नाही हे दोघांनाही माहीत होतं. "हाउसकीपिंग," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत बोटांवर दहा मोजले.

दार उघडलं आणि गटाराचा वास आला.

गादी स्वच्छ, चादरीवर घडीच्या रेषा, उशीखाली कोरडं, फरशी पुसलेली, आणि वास असा की नाकाला पदर लावावा लागला. मुलगा ओशाळला, रूम फ्रेशनरचा डबा आणायला पळाला. मी त्याला थांबवलं. हा वास घाणीचा नसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. बाथरूमच्या जाळीखाली एक वाकडं भांडं असतं, त्यात दोन-तीन बोटं पाणी कायम साठून राहतं. तेच पाणी खालच्या गटाराची हवा अडवतं. खोली वापरात असली की रोज आंघोळीचं पाणी जाऊन ते भरलेलं राहतं. खोली तीन-चार आठवडे बंद राहिली की ते उडून जातं, आणि मग ड्रेनेजची नळी सरळ तुमच्या खोलीत उघडते. हॉटेलनं लग्नसराई संपल्याबरोबर चौथा मजला बंद केला होता. पाहुणे कमी असले की त्यांना दोन मजल्यांवर गोळा करतात, वीज वाचते, माणसं कमी लागतात. आम्हीही करायचो. नव्या वर्षाची महाकालची गर्दीसुद्धा खालीच बसवली होती. म्हणून मॅनेजर दुसरा मजला घ्या म्हणत होता, आणि मी त्याला हुशारी शिकवत होते.

दोन मग पाणी जाळीत ओतलं, एक मग बेसिनमध्ये, कमोड फ्लश केला, खिडकी उघडून पंखा लावला. वीस मिनिटांत वास गेला. तो गेला यावरूनच कारण कळतं. पाणी ओतूनही वास तासाभरात परत आला तर नळी फुटलेली किंवा जाळीखालचं भांडंच नाही असं समजावं, आणि खोली सोडावी. मुलगा हे सगळं बघत होता. मी म्हटलं, रिकाम्या खोल्यांत आठवड्यातून एकदा दोन मग ओतत जा. त्यानं लगेच ४१० उघडली.

गरम पाणीही असंच. वर सोलर, तिथून चौथ्या मजल्यापर्यंत नळी लांब नाही, पण मजल्यावर मी एकटीच, त्यामुळे नळीतलं सगळं गार पाणी मलाच सोडावं लागलं. अडीच बादल्या. ते बादलीत धरून ठेवलं आणि कपडे धुतले.

दुपारी खाली येताना २०४ चं दार परत उघडं दिसलं. या वेळी आत पलंग नव्हता. गादी भिंतीला उभी, लाकडी पाठ काढलेली, भिंतीतल्या फटींत पांढरं सिमेंट भरलेलं, औषधाचा वास. मॅनेजर मागून आला. "दोन वेळा मारलं, ताई. पंधरा दिवसांच्या अंतरानं. नवी गादी शनिवारी येईल." मी आत जाऊन पाठीच्या लाकडाची खाच टॉर्चनं बघितली. काही नव्हतं. तो माझ्या चेहऱ्याकडे असा बघत होता जशा माझ्या हाताखालच्या मुली तपासणीच्या वेळी बघायच्या. मी म्हटलं, बरोबर केलंत. मग त्यानं आपणहून सांगितलं, "त्या दिवशी मुलांना द्यायला नको होता तो रूम." मी काही बोलले नाही. त्यालाही उत्तर नको होतं.

रात्री इतकी शांतता होती की फ्रिज चालू-बंद झालेला कळत होता. हॉल अंधारात. साडेनऊला झोपले. आणि बरोबर सव्वा वाजता जिन्यात धाडधाड. "उठो, उठो, गाडी आ गई." दारांवर थापा, बादल्या, एका म्हाताऱ्या आजींचं "ॐ नमः शिवाय," लहान मुलाचं रडणं. खालच्या मजल्यावरचा गट भस्मआरतीला निघाला होता. आरती पहाटे चारला, उज्जैन पंचावन्न किलोमीटर, त्याआधी रांग, म्हणजे इंदुरातून एक-दीडला निघावंच लागतं. २०२२ मध्ये मंदिराभोवतीचा महाकाल लोक परिसर झाल्यापासून ही वर्दळ बारमाही झाली आहे, भाऊ सांगत होता. शनिवार, रविवार आणि सोमवारच्या आदल्या रात्री स्टेशनजवळच्या हॉटेलात हे व्हायचंच. त्याला डीजेसारखा नियम नाही, आणि रागवायचं तरी कुणावर! यावर उपाय एकच, जिना आणि लिफ्टपासून लांबची, व्हरांड्याच्या टोकाची खोली. ४११ जिन्याला लागून होती. मार्गशीर्षात डीजेपुढे ते लक्षातही आलं नव्हतं.

झोप गेली ती गेलीच. व्हरांड्यातल्या, रस्त्याकडच्या खिडकीत उभी राहिले. खाली रस्ता झाडायचं यंत्र पिवळा दिवा फिरवत गेलं. लहानपणी रामबागेत माडीवरून पहाटे टांग्याचे आवाज यायचे, स्टेशनकडे जाणारे.

सोमवारी सही झाली. पंचवीस मिनिटं लागली, ऑफिस खरंच रिकामं होतं. तिथून आम्ही दोघं पोहे-जिलबी खायला गेलो, वर शेव, बडीशेप घातलेले पोहे. भाऊ म्हणाला, चल, घर एकदा बघून येऊ. मी म्हटलं, नको, संध्याकाळची गाडी आहे.

हॉटेलवर बॅग घ्यायला परतले. मॅनेजरनं बिल केलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं, आले त्या दिवशी सही राहिली होती. आने का कारण, या रकान्यात मार्गशीर्षात ह्यांनी "विवाह" लिहिलं होतं. मी "निजी कार्य" लिहिलं. मॅनेजरनं विचारलं, पुढल्या वेळी कुठला रूम ठेवू?

"तारीख सांगेन, मग बघू," मी म्हटलं. "लग्नाचे दिवस असतील तर तिसऱ्या मजल्यावर, पुढच्या बाजूची, हॉलपासून लांब. उज्जैनवाल्यांचे दिवस असतील तर टोकाची, ३०९ किंवा ३१०. आणि कुठलीही असली तरी आदल्या दिवशी दोन मग पाणी."

त्यानं ते रजिस्टरच्या मागच्या पानावर खरंच लिहून घेतलं. मुलगा बॅग घेऊन रिक्षापर्यंत आला.